विहिरीकडचा कळा

भिकाजी मास्तर नाचणकरांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, शाळेच्या घड्याळावर नव्हता, पंचांगावरही बेताचाच. बंदरात आगबोटीचा भोंगा वाजला की बाकीचे लोक म्हणत, बोट आली. मास्तर टेकाडावर चढून धूर डोळ्यांनी बघत आणि मग म्हणत, बोट आली असावी. त्यांच्या बायकोला, कमळाबाईंना, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी आमटीत मीठ घातलं आहे असं दोनदा सांगावं लागे, आणि तरीही मास्तर आधी बोट बुडवून चव बघत.

रत्नागिरीतल्या एका खाजगी हायस्कुलात ते गणित शिकवायचे. पोराचं उत्तर चुकलं तर मास्तरांचा चेहरा शांत असे. उत्तर बरोबर आलं की मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. उत्तर कुणीही आणतं, रीत दाखव, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बावीस वर्षांत त्यांनी टोपीतली, धोतराच्या निऱ्यांतली, एकदा तर पोळीच्या घडीतली नक्कल पकडली होती. पकडताना त्यांना आनंद होत नसे हे खरं, पण पकडली नाही तर चैन पडत नसे.

त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. इकडून तिकडून जमवलेली कोडी आणि त्यांची स्वतः काढलेली उत्तरं तिच्यात होती. वही ओटीवरच्या पेटीत असे, आणि पेटीची किल्ली जानव्याला. त्या वहीतलं बाविसावं कोडं म्हणजे मास्तरांचा खास अभिमान. नोकरीत असताना मध्येच पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेले होते तेव्हा कुणा सोबत्याने ते घातलं होतं आणि उत्तर सांगायच्या आत त्याची बदली झाली होती. मास्तर आठ दिवस झटले तेव्हा उत्तर सापडलं. पुढे अकरा वर्षं ते कोडं त्यांनी हुशार पोरांना घालून पाहिलं. एकालाही सुटलं नाही, आणि दर वेळी मास्तरांना थोडं बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

सन चौतीसच्या एप्रिलमध्ये नादारीची परीक्षा आली. नादारी म्हणजे वरच्या इयत्तांची सगळी फी माफ. वर्षाला एकच जागा असे आणि ती ज्याला मिळे त्याचं शिक्षण पुढे चाले, बाकीच्यांचं बहुतेक तिथेच थांबे. गणिताचा कागद मास्तरांनी काढला आणि या खेपेला शेवटचा प्रश्न म्हणून बाविसावं कोडं घालून दिलं. कुणाला येणार नाही याची खात्री होती, पण बाकीच्या प्रश्नांवरून निवड करता येणारच होती.

कोडं असं. एका बेटावर दोन भाऊ आहेत. एक नेहमी खरंच बोलतो, दुसरा नेहमी खोटंच. दोघांना मराठी समजतं, पण ते उत्तर देतात आपल्या भाषेत. त्या भाषेत ‘लुबा’ आणि ‘तेकी’ असे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ होय, दुसऱ्याचा नाही. कुठल्याचा कुठला ते तुम्हांला माहीत नाही. दोघांपैकी एकालाच, एकच प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर होय किंवा नाही असंच येईल. तेवढ्यावरून खरा भाऊ ओळखायचा.

शनिवारी दुपारी मास्तर ओटीवर कागद तपासायला बसले. सहाव्या कागदावर त्यांचा लाल पेन्सिलीचा हात थांबला. कागद विमला धोंडू मयेकर या मुलीचा होता. बाकीची गणितं नीट रीतीसकट सोडवलेली, आणि शेवटच्या प्रश्नाखाली फक्त दोन ओळी. पहिली अशी: “एकाला विचारावे, लुबा म्हणजे होय का? तो लुबा म्हणाला तर तोच खरा, तेकी म्हणाला तर दुसरा खरा.” दुसरी ओळ: “पण लुबा म्हणजे काय ते कळणार नाही.”

रीत नाही, आकृती नाही, खाडाखोड नाही. मास्तरांना आठ दिवस लागलेलं उत्तर चौदा वर्षांच्या पोरीने पळसाच्या पानावर भात वाढावा तसं वाढून ठेवलं होतं. त्यांनी पेटी उघडली, काळी वही काढली आणि बाविसाव्या कोड्याचं पान उघडलं. पहिली ओळ जवळजवळ शब्दाला शब्द तीच होती.

त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. कारण विमलाची आई गोदूबाई त्यांच्याच घरी कामाला यायची. सकाळी तांदूळ निवडायची, दोन दिवसांआड ओटी-पडवी सारवायची. पेटी ओटीवरच. आणि पंधरा दिवसांपूर्वी सारवताना तिने ती पेटी हात-दीड हात सरकवली होती, हे मास्तरांच्या चांगलं ध्यानात होतं. किल्ली जानव्याला असली म्हणून काय झालं, अंघोळीच्या वेळी जानव्याला अडकवलेली किल्ली ते खुंटीला लावून जात. गोदूबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्या पोरीला येत होतं, आणि पोर कधीमधी आईबरोबर येई.

वहीत दुसऱ्या ओळीच्या जागी काही वेगळंच होतं. तिथे मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी तांबड्या शाईने लिहून ठेवलं होतं: “शिवाय खऱ्याचे उत्तर लुबा आल्यास लुबा म्हणजे होय, हेही आपोआप सिद्ध होते.” पोरीने लिहिलं होतं उलट. मास्तरांना त्याचाही उलगडा लगेच झाला. चोरलेला माल कुणी जसाच्या तसा बाजारात आणत नाही. ओळखू येऊ नये म्हणून शेपटीला थोडा रंग फासतात. या रंगकामात तिने बरोबर होतं तेच बिघडवून ठेवलं, असं म्हणून त्यांनी त्या ओळीवर लाल काट मारली.

त्याच संध्याकाळी त्यांनी हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवली की मयेकर मुलीचा कागद संशयास्पद आहे, तो बाद धरावा. शिपाई शिवा तासाभरात उत्तर घेऊन आला. हेडमास्तर सावध माणूस होते. त्यांनी लिहिलं होतं की यादी सोमवारी लावायची आहे, मुलगी एरवी पहिली येते आहे, तरी कबुली किंवा पुरावा असावा.

कमळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, की गोदूबाई आठ वर्षं या घरात येते, तिने आजवर पडलेली सुपारीसुद्धा उचलून हातात आणून दिली आहे. मास्तर म्हणाले, सुपारी परत देणारं माणूसच वही नेतं, कारण त्याच्यावर कुणी लक्ष ठेवत नाही. कमळाबाई आत निघून गेल्या. या माणसापुढे बोलून उपयोग नाही हे त्यांना सव्वीस वर्षांत कळलं होतं.

रविवारी सकाळी मास्तरांनी दोघींना बोलावून घेतलं. गोदूबाई ओटीच्या कडेला खांबाशी बसली, पोर तिच्या मागे उभी राहिली. विमला सावळी, काटकुळी, घट्ट वेणी घातलेली आणि बघत राहिली की बघतच राहणारी मुलगी होती. मास्तरांनी कागद समोर धरला आणि हे उत्तर कुठून आलं असं विचारलं. पोर म्हणाली, माझं मीच काढलं. रीत का लिहिली नाहीस, यावर ती गप्प. कुणी सांगितलं का, यावर तिने मान हलवली. मग सुचलं कसं, या प्रश्नाला तिने एकदा आईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

ते एकदा आईकडे पाहणं मास्तरांनी बरोबर टिपलं. असल्या नजरा त्यांनी परीक्षेच्या वर्गात शेकड्यांनी पाहिल्या होत्या. चोरी एकाची असते तेव्हा पोर जमिनीकडे बघतं, दोघांची असते तेव्हा दुसऱ्याकडे. त्यांनी काळी वही गोदूबाईपुढे ठेवली आणि ही कधी हाताळलीस का म्हणून विचारलं. गोदूबाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती वहीपासून मागे सरकली.

“मास्तर, माज्या पोरीन चोरी केलान, असं म्हनता तुमी?” ती एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. मग उठून पदराने तोंड पुसत मागच्या दारी गेली, कारण कमळाबाईंनी आतून हाक मारली होती. ती हाक मुद्दाम मारलेली होती, हे मास्तरांना फार उशिरा समजलं.

आई मागच्या दाराआड गेली आणि पोरीने मान वर केली. आता ती सरळ मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी शेवटचा फासा टाकला. वहीतून चोरणारा माणूस अडकेल असाच प्रश्न होता तो. त्यांनी विचारलं, की खरा भाऊ लुबा म्हणाला, म्हणजे लुबाचा अर्थ होय हे उघड आहे, मग कळणार नाही असं खुळ्यासारखं का लिहिलंस?

“नाय कळत, मास्तर. कायव झालं तरी नाय कळत. आमी तितंच चुकलो,” विमला म्हणाली.

आमी म्हणजे कोण, असं मास्तरांनी विचारलं. त्यांना वाटलं, आता कबुली येणार. त्यांनी पेन्सिलसुद्धा हातात घेतली. पण पोर हळू आवाजात, एक डोळा मागच्या दारावर ठेवून, भलतंच सांगायला लागली.

चार वर्षांपूर्वी तिच्या बापाला, धोंडूला, जयगडपलीकडच्या एका गावचा तांडेल, म्हणजे शिडाच्या मचव्यावरचा मुख्य, आपल्या मचव्यावर खलाशी म्हणून बोलवत होता. मलबारातून लाकूड आणायची वैशाखातली शेवटची खेप होती. उशिराची खेप, वारं कधी फिरेल त्याचा नेम नाही. धोंडूचं मन होईना, तांडेल सोडीना. शेवटी ठरलं की मचवा ज्या गावचा, त्या गावच्या देवीला कौल लावावा. धोंडू घरी थांबला आणि गोदूबाई लेकीला घेऊन त्या गावी गेली.

कौल म्हणजे काय हे रत्नागिरीत कुणाला सांगायला नको. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, त्यांना कळे म्हणतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि ज्या बाजूचा कळा आधी पडेल ते देवीचं उत्तर. साधारण उजवा कळा म्हणजे होकार. पण उजवा कुणाचा, यात मेख आहे. काही गावांत देवीचा उजवा हात धरतात, काही गावांत समोर उभ्या माणसाचा, आणि समोरासमोर उभं राहिलं की दोन्ही उजवे एकमेकांच्या उलट येतात. प्रत्येक गाव आपला रिवाज जाणून असतं, परक्याला तो विचारून घ्यावा लागतो.

त्या दिवशी तिथला गुरव नेमका परगावी गेला होता. त्याचा पाहुणा आलेला मेव्हणा कळे लावायला उभा राहिला. गोदूबाईने त्याला इथला होकार कुठल्या बाजूचा म्हणून विचारलं. देवळाच्या एका अंगाला विहीर होती, दुसऱ्या अंगाला वड. मेव्हणा गोंधळला. त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि देवळात विचारायला दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, देवी खोटं बोलत नाही, तिलाच विचार. म्हणून गोदूबाईने हात जोडून आधी देवीलाच विचारलं, की आई, विहिरीकडचा कळा पडला तर तुझा होकार समजू काय. विहिरीकडचा कळा पडला. झालं, विहिरीकडचा म्हणजे होकार. मग तिने खरा प्रश्न घातला, की धोंडूला या खेपेला जाऊ देऊ काय. पुन्हा विहिरीकडचाच कळा पडला. गोदूबाई हसतमुखाने घरी आली आणि दुसऱ्या दिवशी धोंडू गेला. कारवारच्या खाली मचवा वादळात सापडला. त्यातलं कुणीच परत आलं नाही.

मास्तरांच्या हातातली पेन्सिल तशीच होती.

“वर्षानं त्या गावची बाय मासळी घेऊन आली व्हती,” विमला म्हणाली. “तिला मी सहज विचारलं. ती म्हनाली, आमच्या देवीचा विहिरीकडचा कळा म्हंजे नाय. पयल्यापास्नं नाय.”

मास्तर म्हणाले, मग देवीने आधी खोटं कसं सांगितलं.

“खोटं नाय सांगितलान. आईन विचारलान, विहिरीकडचा म्हंजे हो काय? देवीन सांगितलान, नाय. आनि तिचा नाय विहिरीकडचाच. म्हनून तो पडला. हो असता तरी तोच पडला असता. मी लय दिवस ह्येच घोळवीत व्हते, मास्तर. कागदावर ते दोन भाव बघितले आनि मला देऊळच दिसलं.”

मास्तरांनी भिंतीवरची पाटी ओढून घेतली. बोलण्यावर विश्वास ठेवायचा स्वभाव नव्हता, रीत हवीच होती. त्यांनी चार घरं आखली. लुबा म्हणजे होय, आणि भाऊ खरा: तो खरं सांगणार, होय, म्हणजे लुबा. लुबा म्हणजे नाही, आणि भाऊ खरा: लुबा म्हणजे होय का, तर नाही, आणि नाहीला त्याचा शब्द लुबा. पुन्हा लुबाच. आता खोटा भाऊ. लुबा म्हणजे होय असेल तर तो खोटं म्हणून नाही सांगणार, आणि नाही म्हणजे तेकी. लुबा म्हणजे नाही असेल तर खरं उत्तर नाही, तो खोटं म्हणून होय सांगणार, आणि होय म्हणजे तेकी. पुन्हा तेकीच. खरा दोन्ही वेळी लुबा म्हणतो, खोटा दोन्ही वेळी तेकी. माणूस ओळखता येतो. शब्दाचा अर्थ मात्र जिथे होता तिथेच अंधारात राहतो.

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं, मग वहीतल्या तांबड्या ओळीकडे. अकरा वर्षं ती तिथे ऐटीत बसली होती. त्यांनी आठ दिवस डोकं खाजवून अर्धी गोष्ट बरोबर काढली होती आणि उरलेल्या अर्ध्यात, देवळात हात जोडून उभ्या असलेल्या अडाणी गोदूबाईचीच चूक, तांबड्या शाईत केली होती. साऱ्या गावाच्या उत्तरांवर संशय घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या उत्तरावर तेवढा एकदाही घेतला नव्हता. आणि या वहीतून पोरीने चोरी केली असती, तर तिच्या कागदावर ही चूकही आली असती. ज्या ओळीवर त्यांनी लाल काट मारली, तीच तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष होती. मास्तरांना लाज वाटली. अशी लाज त्यांना वडिलांच्या हातून मार खाल्ल्यानंतर कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी हे सगळं तू मघाशीच का सांगितलं नाहीस, निदान कागदावर रीत का लिहिली नाहीस, असं विचारलं. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

“आईला ठावं नाय, मास्तर,” पोर म्हणाली. “ती म्हनते, देवीन फसवलान. चार वर्षं तिनं कुठल्या देवळाची पायरी चढलान नाय. देवीला आईचा राग सोसंल. आपल्याच विचारन्यात चूक झाली ह्ये कळलं, तर आईला सोसायचं नाय. तुमी सांगू नका.”

म्हणजे ही पोर आत्ता दहा मिनिटं चोर ठरत गप्प उभी राहिली होती, नादारी हातची जाऊ देत होती, ती एवढ्यासाठी. मास्तरांनी वही ओढली, तांबड्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: चूक. त्यांच्या वहीत त्यांनी स्वतःला दिलेला तो पहिला शेरा. मग विमलाच्या कागदावरची लाल काट खोडरबराने पुसायला घेतली. ती नीट पुसली जाईना, कागद खरबरीत झाला, तेव्हा तिच्याशेजारी “ही खूण तपासणाऱ्याच्या चुकीची” असं लिहून खाली पूर्ण सही केली. हेडमास्तरांकडे शिवाच्या हाती चिठ्ठी न पाठवता आपण स्वतः जायचं, असंही त्यांनी ठरवलं आणि खुंटीवरचा कोट काढला.

गोदूबाई मागच्या दाराने आत आली. डोळे लाल होते. मास्तर अर्धा कोट चढवलेले तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “गोदूबाई, तुझ्या मुलीने चोरी केली नाही. माझ्याच वहीत चूक होती, ती तिने काढली. नादारी तिची आहे.”

गोदूबाईने काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं. माणूस खरं बोलतो आहे की नाही हे जोखणारी ती नजर मास्तरांना ओळखीची वाटली, ते स्वतः जगाकडे असंच बघत आले होते. मग ती खांबाशी टेकली आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मी घाबरले, मास्तर. कुनाच्या शब्दावर आता भरवसा नाय ऱ्हायला. देवीन सोता सांगितलान, विहिरीकडचा म्हंजे हो. सोता सांगितलान. आनि न्हेलान.”

विमला हलली नाही. ती फक्त मास्तरांकडे बघत होती.

पाटी अजून मास्तरांच्या समोर ओटीवर होती, चारही घरं तिच्यावर ठळक दिसत होती. बावीस वर्षांत समोर आलेली एक चूक त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय सोडली नव्हती. बाजारातल्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ते दुकानदाराला बाहेर बोलावून सांगत. त्यांनी कोटाची बाही पाटीवरून फिरवली, एकदा आणि पुन्हा एकदा, चारही घरं पुसून जाईपर्यंत.

“होय, गोदूबाई,” ते म्हणाले, “फसवलंच तिने तुला.”

बाहीला लागलेली पांढरी पूड न झटकताच ते पायरी उतरले आणि हेडमास्तरांच्या घराकडे चालू लागले.